रंगूच्या कपाळावरचा भोवरा

मुरबाडच्या एस.टी. स्टँडसमोरच्या गल्लीत सुरेंद्रचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत कॅमेरा, फिरती खुर्ची, तीन रंगांचे पडदे आणि सुरेंद्रची बडबड. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, घरघरणारा पंखा आणि योगिनी. एकोणीस वर्षं ती त्या खोलीत बसते आहे. गिऱ्हाइकांना तिचं तोंडसुद्धा ठाऊक नसतं, पण तिच्या हातून गेलेले फोटो अर्ध्या तालुक्यात भिंतींवर लागलेले आहेत.

केसांच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शहापूर, किन्हवली, सरळगाव इथले स्टुडिओवालेसुद्धा आपली अडलेली कामं तिच्याकडे पाठवत. नवरीचा आखूड शेपटा लांब करायचा आहे, म्हाताऱ्याची कलपाची लाली काढून केस नुसते काळे करायचे आहेत, आजारपणात केस गेलेल्या बाईला पोराच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये अंबाडा घालायचा आहे. दुसरी माणसं कुठले तरी केस कापून डोक्यावर बसवत आणि ते टोपीसारखे दिसत. योगिनी म्हणायची, केस डोक्यावर बसवणं सोपं आहे, कडेला सोडणं अवघड. मधला काळा भाग कुणीही भरेल. पण कडेचे ते दहा-वीस बारीक केस, मुळाशी जाड आणि टोकाला विरत गेलेले, एकमेकांवरून गेलेले, ज्यांच्यातून मागची भिंत किंवा झाड थोडं थोडं दिसतं, ते जमले तरच डोळा फसतो.

तिच्याजवळ केसांचा साठा होता, आणि तो तिच्याच डोक्यावरचा होता. इंटरनेटवर मिळायचे ते केस भुरे, सुळसुळीत, कुठल्या तरी परक्या उजेडातले. म्हणून बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तिनं एका दुपारी पांढऱ्या पडद्यासमोर पाठ करून आपले गुडघ्याशी आलेले केस सोडले होते आणि सुरेंद्रच्या बायकोकडून फोटो काढून घेतले होते. डावीकडून उजेड, उजवीकडून उजेड, तेल लावलेले, न लावलेले, वेणी, अंबाडा, ओले. तेव्हापासून तेच केस चालले होते. वैशाखऱ्याच्या एका नवरीच्या पाठीवर ते होते, शेणव्यातल्या एका मास्तरीणबाईंच्या खांद्यावर होते, सापगावात कुणाच्या तरी देवघरात हार घातलेल्या फोटोत होते. जिथं योगिनीला कधी कुणी चहाला बोलावलं नव्हतं, अशा घराघरांत तिचे केस जाऊन राहिले होते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगायला कुणी नव्हतंही. आई होती तोवर दर रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची. आईला जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ डोंबिवलीला. बँकेमागच्या दोन खोल्यांत योगिनी एकटी.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या वेळी सुरेंद्र मागच्या खोलीत डोकावला. “योगिनी, जरा बघ. माझ्या काही ध्यानात येईना.”

त्याच्यामागं एक बारीक, काळीसावळी, पन्नाशीकडे झुकलेली बाई उभी होती. गुडघ्याच्या खालीच संपलेलं लुगडं, पाय धुळीनं माखलेले. तिच्याबरोबर तिशीचा एक माणूस होता, हातात मोबाइल. चपला दोघांनी बाहेर गल्लीतच काढून ठेवल्या होत्या.

माणूस म्हणाला, “मी संजू. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला आमची कातकरवाडी हाय. ही गोदी, माजी चुलती. हिला पोरीचा फोटू मोठा करून पायजे. म्हंजे पोरगी मोठी करून.”

गोदीनं कमरेची पिशवी सोडली. आत प्लॅस्टिकमध्ये, त्यात वहीच्या कागदात गुंडाळलेला, आश्रमशाळेतला परीक्षेचा फोटो होता. निळा पडदा, पांढरा शर्ट, खांद्यावर गोल शिक्क्याचा अर्धा ठसा आणि पोरांसारखे बारीक कापलेले केस. पंधरा वर्षांची पोरगी कॅमेऱ्याकडे रागानं बघत होती.

“रंगू,” गोदी म्हणाली. “साळंत उवा व्हतात म्हणून केस कापायची. लय रडायची ती. साळा सुटली न् मंग वाढवलं तिनं.”

पुढचं संजूनं सांगितलं. शाळा सोडल्यावर दोन वर्षांनी, पडघ्याकडच्या वीटभट्टीवर असताना रंगू मजुरांच्या दुसऱ्या टोळीतल्या एका पोराबरोबर निघून गेली. पोरगा पेणकडचा की कर्जतकडचा, तेही नीट माहीत नाही. बापानं मारलं होतं आणि दारात पाय ठेवू नको म्हणाला होता. आता बापही नाही. सहा वर्षं झाली. दर वर्षी दुसऱ्या भट्ट्यांवर जाणाऱ्यांजवळ गोदी हा फोटो दाखवायला द्यायची, आणि लोक म्हणायचे, असा पोरगा काही बघितला नाही.

“पोरगाच वाटतो ना,” संजू म्हणाला. “मी मोबाइलवर केस लावून बघितलं. पन मोबाइलनं तिला गोरी केली न् नाकबी बदललं. शनिवारी आमच्या टोळ्या जातील. एक टोळी पेणला, एक कर्जतला, मी पडघ्याला. सगळ्यांच्या मोबाइलवर फोटू टाकायचा हाय.”

योगिनीनं फोटो हातात घेतला. बोटाएवढा कागद, पण चेहरा स्वच्छ होता. “परवा या,” ती म्हणाली.

ते दोन दिवस ती त्या फोटोत रमली. स्कॅन करून मोठा केला, शिक्का शर्टावरून पुसला, मागचा निळा काढून फिकट राखाडी केला. कापलेल्या केसांच्या कडेला जुन्या पडद्याची निळी झाक राहिली होती, ती धरून धरून घालवली. मग आपल्या साठ्यातली वेणी काढली, खांद्यावरून पुढं घेतलेली. वेणीवरचा उजेड उजवीकडचा होता, रंगूच्या फोटोतला डावीकडचा. तिनं वेणी आरशासारखी उलटी केली. मानेवर वेणीची सावली दिली. आणि कपाळावर डाव्या अंगाला काही केस उभे राहून उलटे वळले होते, ते साफ करून भांग सरळ पाडला. रागीट डोळ्यांची ती पोरगी बघता बघता लग्नाच्या वयाची, देखणी झाली. योगिनी बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. या पोरीनं जन्मात कधी अशी वेणी मिरवली असेल का, असं तिच्या मनात आलं, आणि आपण तिला काही तरी दिलं याचं तिला बरं वाटलं.

परवा गोदी एकटीच आली. फोटो तिनं दोन्ही हातांत धरला. “चांगला आलाय ना?” सुरेंद्रनं विचारलं. तिनं मान हलवली, पदराखाली फोटो घेतला आणि निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरेंद्र शटर उघडायला आला तर ती पायरीवर बसलेली. पहिल्या गाडीनं आली होती. सुरेंद्रला काही न सांगता ती सरळ मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“बाय, रागवू नको,” ती म्हणाली. “ही माजी रंगू नाय.”

योगिनीनं मान वर केली. “काल का नाही बोललात?”

“काल बोलायला धीर नाय झाला. तू येवढं केलंस.” तिनं फोटो टेबलावर ठेवला. “वाडीत सगळ्यांना दाखवला. शेजारची प्रेमा म्हंते, ही कोन नवरी? रातभर बघत व्हते मी. डोलं तिचं हाय, त्वांड तिचं हाय, पन ती नाय. मंग सकाली ध्यानात आलं. हिचा भोवरा कुठं गेला?”

“भोवरा?”

गोदीनं रंगूच्या कपाळावर डावीकडं बोट ठेवलं, जिथं योगिनीनं भांग सरळ केला होता. “हितं. जन्मापासनं हाय. कवाबी केस बसला नाय हितला. पानी लाव, तेल लाव, उभाच. न् येवढी वेणी कुनाची, बाय? भट्टीवर कुनी अशी वेणी सोडंल? गारा तुडवायचा, इटा थापायच्या. न् आमच्या घरात कुनाला असं केस नाय. आमचं तांबूस, विरल. हे केस...” तिनं फोटोवरून नजर उचलली आणि योगिनीच्या खांद्यावरून पुढं आलेल्या शेपट्याकडे पाहिलं. “हे तुजंच ना?”

एकोणीस वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. योगिनीचा चेहरा एकदम गरम झाला. चोरी सापडावी तसं. ज्या खुणेवरून आई आपल्या लेकीला ओळखणार, तीच खूण तिनं डाग समजून पुसली होती, आणि वर आपले केस लावून खूश होऊन बसली होती.

“माझेच,” ती म्हणाली.

गोदीला राग आलेला नव्हता. “चांगलं हाय,” ती म्हणाली. “पन तिचं नायत.”

योगिनीनं टेबलावरचा फोटो बाजूला सारला आणि विचारलं, “रंगूचे केस कुणासारखे होते?”

“माज्यावानी.”

योगिनी उठली. पुढच्या खोलीतला पांढरा पडदा खाली ओढला, गोदीला स्टुलावर बसवलं आणि तिच्या मागं जाऊन अंबाड्याची गाठ सोडली. केस पाठीच्या मध्यापर्यंत आले. टोकं उन्हानं तांबडी झालेली, मधून मधून पांढरे. योगिनीनं आपला कंगवा घेतला आणि हळूहळू गुंता काढू लागली. सुरेंद्र काही बोलायला आला होता, तो तसाच बाहेर जाऊन उभा राहिला.

“तुला तेल कोन लावतं?” गोदीनं पुढं बघतच विचारलं.

“माझं मीच.”

“आय?”

“नाही आता.”

गोदीनं मान थोडी मागं टाकली.

“भट्टीवर रंगू केस कसे बांधायची?” योगिनीनं विचारलं. गोदीनं हात मागं नेले, केस वळवले आणि मानेवर एका झटक्यात बारीकसा बुचडा घातला. कानशिलापाशी आखूड केस सुटून राहिले. “हे असं. न् वर फडकं. पन फडकं नको लावू, नायतर भोवरा दिसायचा नाय.”

डावीकडच्या दिव्याच्या उजेडात योगिनीनं फोटो काढले. बाजूनं, समोरून, कानापाशी अगदी जवळून. गोदी संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबते म्हणाली. मागच्या खोलीत स्टूल ओढून ती योगिनीच्या शेजारी बसली आणि काम सुरू झालं.

गोदीचे केस रंगूच्या डोक्यावर ठेवले तेव्हा आधी भोवतीनं पांढऱ्या पडद्याचा चौकोनही आला. योगिनीनं वरचा थर असा बदलला की त्यातलं काळं तेवढं खालच्या चित्रात मिसळावं आणि पांढरं नाहीसं व्हावं. चौकोन गेला. कानशिलापाशी सुटलेले केस राखाडी भिंतीवर, एकही न तुटता, जसेच्या तसे आले.

“अगो!” गोदी म्हणाली.

पण पडद्याबरोबर तिचे पांढरे केसही नाहीसे झाले होते. डोक्यावर बारीक फटी पडल्या आणि तिथून खालचे कापलेले केस आणि कातडी दिसू लागली. योगिनीनं हसून खाली काळसर तांबूस रंगाचा हात दिला, तेव्हा फटी बुजल्या. मग टोकांचा तांबूसपणा थोडा कमी केला. भट्टीवरची पोर असली तरी तेवीस वर्षांची, आईइतकं ऊन तिनं अजून खाल्लेलं नव्हतं. बुचड्याची कड मानेमागं लपवली. कानावरून सावली आणली. जुना फोटो दाणेदार होता, नवे केस फारच स्वच्छ दिसत होते, म्हणून त्यांच्यावरही तसाच बारीक दाणा टाकला.

शेवटी भोवरा. तो कुणाच्या डोक्यावरून घेता येत नव्हता. शाळेच्या फोटोत तो होता, पण बोटभर आखूड. त्यातला एकेक केस मूळ धरून योगिनीनं कॉम्प्युटरच्या पेननं लांब केला. पेन दाबलं की रेघ जाड, सोडत नेलं की टोक विरतं.

“अजून उभा,” गोदी म्हणायची. “नाय, येवढा नाय. डावीकं वळव. हां. आता एक त्याच्यावरून जाऊ दे, आडवा.”

पस्तीस-चाळीस केस झाले असतील. योगिनीनं चित्र लांब केलं, पूर्ण चेहरा दिसेल असं. राखाडी भिंतीसमोर एक साधी, दमलेली, तांबूस केसांची बाई होती. कपाळावरचे केस वाऱ्यात उभे राहिल्यासारखे. देखणी मुळीच नव्हती.

गोदीनं पदर तोंडाला लावला. “रंगू,” ती पडद्याला म्हणाली. “कुटं हायस गो?”

छापलेला फोटो गोदीनं नेला, तोच संजूच्या मोबाइलवर गेला, शनिवारी टोळ्याही गेल्या. या वर्षी गोदी भट्टीवर गेली नाही. फोटो बघून रंगूच वाडीवर आली तर घर उघडं असावं म्हणून राहिली. आठवड्याच्या बाजाराला मुरबाडला आली की स्टुडिओत डोकवायची. कधी पिशवीत रानातला कडूकंद, कधी चिंच. मागच्या खोलीत स्टुलावर बसायची, योगिनीच्या कामाकडे बघायची. “ही कोन? हिला कशाला लांब केस?” काही खबर आली का, असं योगिनी विचारायची. “नाय अजून.” एकदा येताना तिनं लहान बाटलीत मोहाच्या बियांचं तेल आणलं आणि न विचारता योगिनीच्या डोक्याला चोळून दिलं. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन योगिनी कितीतरी वेळ दिवा न लावता बसून राहिली होती.

माघात गोदी दोन बाजार आली नाही. मग शिमगा आला, गेला. योगिनीकडे ना कुणाचा नंबर होता ना वैशाखऱ्याच्या वरची वाडी यापलीकडे पत्ता. सुरेंद्रजवळचा संजूचा नंबर लागत नव्हता. बाजाराच्या दिवशी दार वाजलं की ती वळून बघायची. चौथा बाजार रिकामा गेल्यावर एका रविवारी तिनं पिशवीत केळी आणि बुंदीचे लाडू घेतले आणि वैशाखऱ्याची गाडी धरली.

रस्ता सोडून वर चढायला अर्धा तास लागला. वाडी जवळजवळ रिकामी होती. कुडाच्या दारांना काटक्या अडकवलेल्या. एका अंगणात एक म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत बसली होती.

“गोदीबाई कुठं राहतात?”

म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमी फोटूवाल्या बाय का? मी प्रेमा. गोदी नाय हितं. लेकीकं गेली.”

योगिनी उभीच राहिली. “रंगू सापडली?”

“सापडली ना! महिना झाला.” प्रेमानं हातातली फुलं खाली ठेवली, सांगायला मिळालं म्हणून खुलली. “पेणच्या टोळीतला धनेश भट्टीभट्टीवर फोटू दाखवीत व्हता. एका बाईनं बघितला न् म्हनाली, हिचं केस हे असं उभं ते बघ, ही तर आमच्या पल्याडच्या भट्टीवर हाय, सारखी फडक्यात केस कोंबीत असती. मंग काय! रंगू सोता आली, नवरा न् दोन पोरं घेऊन. वाडीत निस्ता गलका. तिसऱ्या दिसाला आयला घेऊन गेली. पोरं सांभालायला कुनीतरी पायजे ना.”

“बरं झालं,” योगिनी म्हणाली. आणि खरंच, तिचे डोळे भरून आले होते. “मला... काही निरोप?”

प्रेमा विचारात पडली. “घाईत गेली बिचारी. गाडी उभी व्हती रस्त्याला.”

योगिनीला एक विचारायचंच होतं. “रंगूचे केस कसे आहेत हो? फोटोत होते तसेच?”

“केस?” प्रेमा हसली. “कुनाला ठावं! डोक्याला फडकं व्हतं तिच्या. न् आमी पोरांकं बघत व्हतो.”

तिनं गोदीचं दार दाखवलं. काटकी काढून योगिनीनं आत पाहिलं. चूल लिंपून ठेवलेली, कोपऱ्यात दोन गाडगी. कुडाच्या भिंतीवर, प्लॅस्टिकमध्ये, खिळ्याला तो फोटो तसाच होता. तिकडं आता त्याची काही गरज नव्हती. योगिनी जवळ गेली. सवयीनं तिची नजर आधी कडेला गेली, कानशिलापाशी, जिथं केस भिंतीत विरत होते. एक केस किंचित जाड झाला होता. बाकी ठीक होतं. काटकी पुन्हा अडकवून ती बाहेर आली.

प्रेमानं चुलीवर कोरा चहा ठेवला होता. योगिनीनं पिशवी तिच्यापुढं केली. “गोदीबाईंसाठी आणलं होतं... म्हणजे, तुम्हीच घ्या.”

“गाडी पाचला हाय,” प्रेमा म्हणाली. “घरी वाट बगत असतील ना?”

“नाही. कोणी नाही.”

प्रेमानं सुपातली फुलं दोघींच्या मध्ये सरकवली. “मंग बसा. ह्यातला कचरा निवडा जरा. मला आता बारीक दिसत नाय.”

योगिनीनं पदर खोचला आणि निवडायला बसली. खाली रस्त्यावरून घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज मधून मधून येत होता.